पाकीट नंबर 214

गैरसमजाच्या कथेला वाचक एक प्रश्न हमखास विचारतो, “अहो, मग एकदा विचारून टाका ना!” आणि या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कथा तिथेच संपते. दोन माणसं गप्प आहेत, प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ लावतोय, आणि एका वाक्याने सगळं मिटणार आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून दिसतंय. मग पुढची दहा पानं त्याने कशासाठी वाचायची? नवरा-बायकोच्या, प्रेमिकांच्या कितीतरी कथा याच ठिकाणी बसतात. ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी निघालेल्या दोन सहकाऱ्यांची कथा मात्र या प्रश्नाला चांगलं उत्तर देऊ शकते. तिथे न विचारण्याची कारणं आधीपासून हजर असतात. एक वरिष्ठ असतो, एक कनिष्ठ. आजूबाजूला परकी माणसं असतात. हातात काम असतं. आणि दौऱ्यावर सुटकाही नसते. एकच गाडी, एकच जेवणाचं टेबल, आणि परतल्यावर पुन्हा शेजारशेजारच्या खुर्च्या.

अशी कथा आतून कशी बांधतात हे सांगायला एक कथाच रचून बघू. कोल्हापूरच्या एका सहकारी बँकेच्या तपासणी विभागातली दोन माणसं. पाटणकर निवृत्तीला टेकलेले, रेश्मा तांबे तिशीतली. ती त्यांना ‘सर’ म्हणते, ते तिला ‘तांबे मॅडम’ म्हणतात. सावंतवाडीकडच्या एका शाखेत सोनेतारणाची तपासणी करायची आहे, म्हणून भाड्याच्या गाडीने संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोली घाट उतरून ती दोघं निघाली आहेत. जाताना ती बोलतात. गप्पा अगदी साध्या : पाटणकरांच्या मुलीची परीक्षा, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, घाटातलं धुकं. हे बोलणं कथेत असायलाच हवं. पहिल्या पानापासून गप्प असलेल्या माणसांच्या गप्प राहण्याला वाचक स्वभाव समजतो आणि सोडून देतो. शांतता कळायची तर आधी दोघांचा बोलण्याचा नेहमीचा ठेका कानात बसावा लागतो.

या ठेक्याची मापं अभ्यासकांनी घेतली आहेत. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली जगभरच्या दहा भाषांमधली संभाषणं तपासली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. भाषेभाषेत थोडा फरक होता, पण बहुतेक सगळीकडे एक गोष्ट सारखी होती : होकार लवकर येतो, नकार उशिरा येतो. म्हणजे उत्तराला उशीर झाला की ऐकणारा, शब्द कानावर पडायच्या आधीच, नकाराची तयारी करतो. हे आपण ठरवून करत नाही. “उद्या लवकर निघू या का?” असं विचारल्यावर समोरचा एक सेकंदभर थांबला, तर आपणच घाईने म्हणतो, “नाहीतर दुपारी निघू.” उशिराचं कारण काहीही असेल, तो आठवत असेल, घास गिळत असेल, पण कानाला उशीर म्हणजे नाराजी असंच वाटतं. आपल्या कथेचं बी इथे आहे. लेखकाला एक उशीर घडवायचा आहे, ज्याची दोन खरी वाटणारी कारणं असतील.

त्यासाठी काम बारकाईने माहीत हवं. सोनेतारण म्हणजे दागिने ठेवून घेतलेलं कर्ज. प्रत्येक कर्जदाराचे दागिने वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नंबर, तोंडावर सील आणि सह्या. पाकिटं स्ट्राँगरूमच्या तिजोरीत असतात आणि तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याला ती उघडताच येत नाही. तपासणीच्या वेळी काही पाकिटं निवडून फोडली जातात. नग मोजले जातात, काट्यावर वजन होतं, सराफ कसोटीवर कस पाहतो, सगळं रजिस्टरशी ताडून पाकीट पुन्हा बंद होतं, आणि नव्या सीलवर तपासणाऱ्याची सही होते.

आता या खोलीतले आवाज ऐका. पाटणकर पाकीट फोडतात आणि नग सांगतात, “पाटल्या दोन, अंगठी एक.” दागिने काट्यावर जातात. काट्यावरचे आकडे दोन-तीन सेकंद हलत राहतात, मग ठरतात. ते वजन वाचतात, रेश्मा रजिस्टरमध्ये पाहून म्हणते, “बरोबर.” “पुढचं घ्या.” असं तासन्‌तास. आकड्यांशिवाय कोणी बोलत नाही, तरी ही शांतता कोणाला खुपत नाही, कारण तिची लांबी ठरलेली आहे : काटा स्थिर होईपर्यंत. वाचकाला हा ताल तीन-चार पाकिटांत अंगवळणी पडतो. मग त्याला काही सांगावं लागत नाही. काटा ठरल्यावरही आवाज आला नाही, एवढं लिहिलं की पुरतं. ‘खोलीत भयाण शांतता पसरली’ हे वाक्य मी कुठल्याही हस्तलिखितात पाहिलं की लेखकाने ताल बांधण्याचं काम टाळलं आहे हे कळतं.

पाकीट नंबर 214. रजिस्टर म्हणतं : पाटल्या दोन, अंगठी एक, एकूण वजन 42.300 ग्रॅम. सील शाबूत आहे. पाकीट फुटतं. आत पाटल्या दोन. अंगठी नाही. काटा 38.900 वर ठरतो. 3.400 ग्रॅम कमी, म्हणजे बरोबर एका अंगठीएवढे. आणि आत्ताच फोडलेल्या सीलवर गेल्या तपासणीची सही आहे : पाटणकरांचीच.

ती पाहते. तेही पाहतात. काटा कधीचा ठरला आहे. समोर शाखाधिकारी उभे आहेत, शेजारी सराफ. पाटणकर पाकीट उलटं करून झटकतात, परत ठेवतात आणि म्हणतात, “पुढचं घ्या.” रेश्मा 214 पुढे वजन लिहिते, पेनाने नाही, पेन्सिलीने.

कथेचं सगळं यंत्र या एवढ्याशा प्रसंगात आहे, म्हणून इथे जरा थांबू. रेश्माला ऐकू आलं ते असं : सरांना माहीत आहे, आणि सर हे दाबणार आहेत. पाटणकरांच्या डोक्यात प्रत्यक्षात काय चाललंय? त्यांना काहीच माहीत नाही. आपण हे पाकीट गेल्या वेळी स्वतः फोडलं होतं का, अंगठी आपण पाहिली होती का, हे आठवायचा ते जिवापाड प्रयत्न करतायत. उत्तर हाती नसलेला माणूस गप्प बसतो. आणि रेश्मा का गप्प आहे? शाखाधिकाऱ्यांच्या देखत “सर, ही तर तुमची सही” असं म्हणणं म्हणजे सरांचा अपमान. ती वाट बघतेय, सरांनीच आधी बोलावं म्हणून. पेन्सिलही त्यासाठीच, की सरांना दुरुस्त करता यावं. पाटणकरांना मात्र ती पेन्सिल दिसते आणि वाटतं, हिने स्वतःसाठी वेगळी नोंद ठेवली. कोल्हापुरात गेल्यावर ही वर बोलणार.

एकाच्या लाजेला दुसरीने कारस्थान समजलं, आणि एकीच्या आदराला दुसऱ्याने आरोप समजलं. दोन्ही चुका योगायोगाने झालेल्या नाहीत. प्रत्येकाने समोरच्याच्या गप्प राहण्यात स्वतःची भीती वाचली. रेश्माला भीती आहे की ज्या माणसाला आपण मानतो तो तसा नसेल. पाटणकरांना भीती आहे की शेवटच्या वर्षात आपलं नाव जाईल. ही भीती प्रसंगाच्या आधी वाचकाला दिसली पाहिजे, म्हणूनच गाडीतल्या गप्पा लागतात. पाटणकर आजऱ्याजवळ सहज म्हणून गेलेले असावेत, की इतकी वर्षं तपासणी केली पण आपल्या सहीवर कोणी बोट ठेवलं नाही. तेव्हा ते वाक्य वडीलधाऱ्या माणसाच्या अभिमानाचं वाटतं. 214 नंतर तेच वाक्य रेश्माला वेगळं ऐकू येतं, आणि पाटणकरांना स्वतःलाच बोचतं.

नवखे लेखक गप्प राहण्याचं कारण एखाद्या युक्तीत शोधतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. शेवटी कळतं, की साहेबांना डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं, किंवा बाईंना सकाळी वाईट बातमीचा फोन आला होता. वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. ज्या कारणाचा दोघांमधल्या नात्याशी संबंध नाही, ते कळल्याने नात्याबद्दल काहीच कळत नाही. शांतता त्या दोघांनी मिळून केलेल्या कामातून निघाली पाहिजे.

आता तो वाचकाचा प्रश्न : संध्याकाळी लॉजवर दोघंच जेवायला बसतात, तेव्हा का नाही विचारत? कारण तोपर्यंत प्रश्न महाग झालेला असतो. पाकीट फुटलं त्या क्षणी “सर, अंगठी?” एवढं पुरलं असतं. दोन तासांनी तोच प्रश्न “तेव्हा का नाही विचारलंस?” हा दुसरा प्रश्न सोबत घेऊन येतो, आणि रात्री आणखी एक : “इतका वेळ काय समजत होतीस माझ्याबद्दल?” न विचारलेल्या प्रश्नावर व्याज चढतं. हे चढणं कथेत दिसायला हवं. जेवताना रेश्मा खरोखर सुरुवात करते, “सर, ते दुपारचं—” आणि त्याच वेळी वेटर सोलकढी हवी का विचारायला येतो. पाटणकर “दोन आणा” म्हणतात आणि वळून तिच्याकडे बघतात. ती म्हणते, “काही नाही, उद्या किती वाजता निघायचं तेच विचारत होते.” ही जागा लेखकाला सांभाळावी लागते. वेटरने अडवलं म्हणून बोलणं राहिलं असं वाटलं, तर ती पुन्हा युक्तीच झाली. वेटरने तिला फक्त एक संधी दिली, आणि ती तिने स्वतः घेतली.

टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’च्या सहाव्या भागात या जागेचा नमुना आहे. कोझ्निशेव आणि वारेंका रानात अळंबी शोधायला गेले आहेत. तो तिला मागणी घालणार आहे, वाक्यंही मनात जुळवून ठेवली आहेत. तिलाही ते कळलंय, ती वाट बघतेय. दोघं गप्प चालत राहतात, आणि मग तिच्याच तोंडून, तिची इच्छा नसताना, अळंब्यांबद्दल काहीतरी निघून जातं. तोही, बोलायचं होतं ते सोडून, दोन जातींच्या अळंब्यांमधला फरक विचारतो. ती उत्तर देते. तेवढ्यावर सगळं संपतं, आणि ते संपलं हे दोघांनाही समजतं. तिथे वाचकाला दोन्ही मनं दिसत असतात, तरी ताण कमी होत नाही, कारण अळंब्यांवरच्या त्या साध्या वाक्यांना तोडून टाकण्याचं बळ कुठून आलं हे आपल्यालाही कळत नाही. तिथे मात्र दोघं एकमेकांना बरोबर ओळखून होते. आपल्या कथेत दोघं चुकतात, म्हणून तिला वेगळी रचना लागते.

प्रश्न आहे दृष्टिकोनाचा : कथा कोणाच्या डोळ्यांनी सांगायची? एकट्या रेश्माच्या डोळ्यांनी सांगितली तर ती रहस्यकथा होते, आणि उलगडा झाला की रिकामी होते. दोघांची मनं आलटून पालटून, समसमान दाखवली, तर वाचक पहिल्यापासून दोघांपेक्षा शहाणा होतो आणि वरून बघत बसतो. मला यातली तिसरी वाट पटते. प्रवास, शाखा, 214 आणि रात्रीचं जेवण, सगळं फक्त रेश्माच्या बाजूने यावं, पूर्ण भरवशाने. वाचकानेही पाटणकरांवर संशय घ्यावा. त्यानंतर, अर्धी कथा होऊन गेल्यावर, एकदाच पाटणकरांच्या खोलीत जावं. ते जागे आहेत. पंखा फिरतोय. ते मनातल्या मनात गेल्या वर्षीचा दिवस पुन्हा चालून बघतायत. तेव्हा वाचकाला समजतं की आपणही चुकलो होतो, तेही तिच्याएवढ्याच सहज. वाचक स्वतः चुकला नसेल, तर दुसऱ्यांच्या चुकण्याबद्दलची ही कथा त्याच्यासाठी नुसती माहिती उरते. पाटणकरांची बाजू किती द्यायची? माझ्या मते एक-दीड पान. याहून जास्त दिली तर ते स्वतःची वकिली करू लागतात.

त्या रात्री त्यांना काय सापडतं? गेल्या वर्षी उशीर झाला होता, शेवटची बस गाठायची होती, आणि एका वेळी एकच पाकीट फोडायचं हा नियम त्यांनी तासाभरासाठी मोडला होता. दोन पाकिटं एकदम उघडी होती. एक 214, आणि दुसरं? हिशेब तपासणाऱ्याच्या डोक्यात जी शंका लवकर यायला हवी ती पहाटे येते : आकड्यांची अदलाबदल. 241.

सकाळी तिजोरी उघडल्याबरोबर पाटणकर सरळ 241 काढायला सांगतात. त्यात रजिस्टरपेक्षा एक अंगठी जास्त निघते, 3.400 ग्रॅम. सोनं जागच्या जागी होतं. चोरी नाही, अफरातफर नाही. आणि कथेतलं मला सगळ्यात प्रिय वळण इथे आहे : उलगडा झाल्याने गैरसमज मिटत नाही, उलट पक्का होतो. रेश्मा बघते की शेकडो पाकिटांमधून सरांनी नेमकं 241 काढलं. न शोधता. म्हणजे त्यांना माहीतच होतं! त्यांनी रात्र जागून काढली हे तिला माहीत नाही, आणि ते सांगणार नाहीत, कारण सांगायचं तर नियम मोडल्याचं सांगावं लागेल, तेही पुन्हा त्याच शाखाधिकाऱ्यांच्या देखत. ती काही बोलत नाही. पाटणकरांना वाटतं, अंगठी सापडली तरी हिने माफ केलेलं नाही. वस्तुस्थिती सापडते आणि माणसं तिथल्या तिथे राहतात. लेखकांनी उलगडा आणि समेट या दोन गोष्टी सुट्या ठेवाव्यात असं मला आग्रहाने वाटतं. बहुतेक कथा त्या एकत्र बांधतात आणि म्हणून शेवटाला सैल पडतात.

मग शेवट कसा? समोरासमोर बसून मन मोकळं करण्याचा प्रसंग मी घेणार नाही. ही दोन माणसं तसं करणारी नाहीत, आणि त्यांनी ते केलं तर आत्तापर्यंतचं न बोलणं खोटं ठरतं. पण काहीतरी व्हायला हवं, आणि ते कामाच्या भाषेतच व्हायला हवं.

पाटणकर रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतात. 214 पुढे रेश्माने पेन्सिलीने लिहिलेलं वजन आहे. अंगठी सापडली आहे, खोडरबर टेबलावर आहे, नोंद पुसली तर कोणाला कळणारही नाही. ते पेन काढतात आणि तिच्या आकड्यांवरून सावकाश शाई फिरवतात. मग शेरा लिहितात : मागील तपासणीत दोन पाकिटे एकाच वेळी उघडल्याने नग बदलले. खाली सही.

रेश्मा शेजारी उभी राहून बघते. तिला वाटतं, पेन्सिल वापरली म्हणून सर शिकवतायत, तपासणीची नोंद पेन्सिलीने करायची नसते. ती म्हणते, “सॉरी सर. पेनानेच लिहायला हवं होतं.”

पाटणकरांना वाटतं, ती संशय घेतल्याबद्दल माफी मागतेय. ते म्हणतात, “असू दे मॅडम. माझीच चूक.”

तिला ऐकू येतं की सरांनी पेन्सिलीची चूक पोटात घातली, आणि वर स्वतःवरही ओढून घेतली. मग ती शेरा वाचते. तो वाचता वाचता तिच्या मनात काय होतं, हे मी लिहिणार नाही. ‘दोन पाकिटे एकाच वेळी’ हे शब्द समोर आहेत, त्यांवरून तिला जेवढं समजायचं तेवढं समजेल.

या चार ओळी पुन्हा वाचून बघा. दोघांनी एकमेकांना पुन्हा चुकीचंच ऐकलं आहे. फरक एवढाच, की काल दोघांनी भीतीतून अर्थ लावला होता आणि आज चांगुलपणा धरून लावला. चुकीच्या अर्थानेही दोन माणसांना एकत्र काम करता येतं, आणि मला वाटतं ऑफिसांमधली बरीच नाती अशीच टिकून असतात. म्हणून मी त्यांचा गैरसमज पूर्ण दूर करायला धजणार नाही.

परतीचा प्रवास लिहायचा मोह होतो. आंबोलीचा चढ, धुकं, गाडीत परत सुरू झालेल्या गप्पा. तसा मसुदा लिहून बघायला हरकत नाही, कारण तो लिहिताना कळतं की दोघं आता काय बोलतील आणि काय कधीच बोलणार नाहीत. पण छापायला देताना ते पान काढून टाकावं. गप्पा पुन्हा सुरू झाल्या की वाचक सुटकेचा श्वास टाकतो आणि 214 विसरतो. पाटणकरांच्या सहीनंतर एकच वाक्य मी ठेवीन, तेही रेश्माचं. ती पुढचं पाकीट उचलते, नंबर मोठ्याने वाचते, आणि ते फोडण्याआधी टेबलावर दुसरं कुठलं पाकीट उघडं नाही ना, एवढं बघून घेते.